जलचक्रातला सह्याद्री

चित्र काढून देणाऱ्या एखाद्या एआय साधनाला नुसते 'जलचक्राची आकृती काढ' असे सांगितले, तर बहुतेक वेळा एकाच साच्यातले चित्र समोर येते. बर्फाने झाकलेले टोकदार शिखर, त्याच्या पायथ्याशी सूचिपर्णी झाडांचे रान, शिखरावरून निघून समोरच्याच निळ्या समुद्राला मिळणारी एक नदी, कोपऱ्यात हसरा सूर्य आणि आभाळभर वळणदार बाण. चित्र देखणे असते. पण सातारा जिल्ह्यातल्या पाचवीच्या वर्गात ते पडद्यावर लावले, तर सूर्य आणि ढग सोडता त्यातले फारसे काही मुलांनी पाहिलेले नसते. बारकाईने पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एखादा बाण समुद्रातून निघून जमिनीत शिरतो, एखादा ढगाभोवती नुसताच घिरट्या घालतो, आणि पावसाचा बाण कधी कधी चक्क वर चढत असतो.

हा साचा यंत्राने स्वतः शोधलेला नाही. अशी साधने कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर पाहून शिकलेली असतात, आणि जलचक्र म्हणून जगभर छापली गेलेली चित्रे मुळातच एकमेकांसारखी आहेत. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले बेंजामिन अॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तके, शोधनिबंध आणि इंटरनेटवरच्या ४५० हून अधिक जलचक्राच्या आकृत्या तपासल्या. त्यांचा लेख २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सगळीकडे हिरवागार, समशीतोष्ण, पाण्याने समृद्ध प्रदेश दाखवलेला होता आणि बहुधा एकाच नदीचे खोरे होते. सुमारे ८५ टक्के आकृत्यांमध्ये माणसाचा पाण्याशी काही संबंध असल्याची खूणही नव्हती. ना धरण, ना कालवा, ना विहीर. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची जुनी आकृती तर वर्षानुवर्षे जगभरच्या शाळांमध्ये वापरली गेली. त्या संस्थेने २०२२ मध्ये ती बदलून शेती, शहरे आणि धरणे असलेली नवी आकृती काढली.

म्हणजे यंत्राकडून चांगली आकृती हवी असेल, तर या साच्यातून त्याला बाहेर कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जरा अनपेक्षित आहे. जलचक्राचे चित्र हवे असताना प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनेत, 'जलचक्र' हा शब्दच लिहू नये. तो लिहिला की त्याच्याबरोबर बर्फ, बाण आणि मोडकी अक्षरे असे सगळे बिऱ्हाड येते. यंत्राकडून फक्त भूभाग काढून घ्यावा. पाणी कुठून कुठे जाते हे सांगणारे बाण आणि शब्द शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने आपल्या हाताने स्लाइडवर घालावेत.

असे का, हे कळण्यासाठी यंत्र चित्र कसे काढते ते थोडक्यात पाहायला हवे. यातली बरीचशी साधने डिफ्यूजन नावाच्या पद्धतीवर चालतात. सुरुवात नुसत्या ठिपक्यांच्या गोंगाटापासून होते, आणि लिहिलेल्या शब्दांशी जुळेल असे रूप पायरीपायरीने त्यातून साफ होत जाते. प्रत्येक पायरीला प्रश्न असतो तो दिसण्याचा. अशा शब्दांखालची चित्रे कशी दिसतात? जलचक्राच्या चित्रात बाण असतात, हे यंत्राला पक्के ठाऊक असते. बाणाचे शेपूट जिथून पाणी निघते तिथे आणि टोक जिथे पोचते तिथे असावे लागते, हे त्या दिसण्यात नीट सामावत नाही. म्हणून बाण आकाराने अचूक आणि दिशेने चुकलेले येतात. नव्या साधनांमध्ये भाषा समजणारे भाग जोडल्यापासून ही चूक कमी झाली आहे, थांबलेली नाही. आणि आकृतीत बाण हेच विधान असते. डोंगराचा रंग चुकला तर चित्र जरा वेगळे दिसते, पण बाण उलटला तर मूल चुकीचे विज्ञान शिकते.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, वाई तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीला जलचक्र शिकवायचे आहे आणि बाईंना त्यासाठी एक स्लाइड हवी आहे. जागा निवडायला महाबळेश्वरइतके चांगले ठिकाण नाही. उंची सुमारे साडेतेराशे मीटर, सरळ रेषेत समुद्रापासून अंतर साधारण ६० किलोमीटर. अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीच्या उभ्या भिंतीला अडतात, वर चढतात, वर गेलेली हवा प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. तीच हवा घाट ओलांडून पूर्वेला उतरते तेव्हा कोरडी झालेली असते, आणि माण-खटावच्या बाजूला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. शिवाय त्याच डोंगरमाथ्यावरून सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. साच्यातल्या चित्रात पाणी ज्या समुद्रातून निघाले त्याच समुद्रात परत येते. इथे एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्रात जाते. वाईच्या मुलांसमोरून रोज वाहणारी कृष्णा त्या साच्यात मुळी बसतच नाही.

प्रॉम्प्ट लिहिण्याआधी कागदावर पेन्सिलने एक आडवी रेघ काढावी आणि तिच्यावर डावीकडून उजवीकडे काय काय येते ते मांडावे. समुद्र, कोकणपट्टी, घाटाची भिंत, माथा, हळूहळू उतरणारे पठार, कृष्णेचे खोरे. हे काम दोन-चार मिनिटांचे असते, पण याच रेघेवरून प्रॉम्प्टची वाक्ये सुचतात. भूगोलात याला उभा छेद म्हणतात. डोंगर कापून बाजूने पाहिला तर कसा दिसेल, तसे. जलचक्रासाठी छेदच हवा, कारण त्यात जमिनीखालचेही दाखवता येते. विमानातून किंवा समोरून पाहिलेल्या निसर्गचित्रात ते जमत नाही, आणि छेद असे स्पष्ट लिहिले नाही तर यंत्र बहुधा निसर्गचित्रच देते.

मग प्रॉम्प्ट असा होऊ शकतो:

> शाळेतल्या स्लाइडसाठी साधे, सपाट रंगांचे आडवे चित्र, १६:९ आकारात. जमिनीचा बाजूने दिसणारा उभा छेद. अगदी डावीकडे समुद्र. त्याला लागून नारळाची झाडे असलेली अरुंद किनारपट्टी. चित्राच्या डाव्या तिसऱ्या भागाशी भिंतीसारखा उभा, सपाट माथ्याचा हिरवा डोंगर. माथ्यापासून उजव्या कडेपर्यंत हळूहळू उतरत जाणारे रुंद पठार. त्यावर शेते, थोडी झाडे आणि उजव्या कडेतून चित्राबाहेर जाणारी नदी. डोंगराच्या माथ्यावर आणि समुद्राकडच्या बाजूवर राखाडी ढग; पठारावर मोकळे आभाळ. जमिनीखाली काळपट खडकाचे आडवे थर आणि त्यांत बारीक भेगा. वरच्या डाव्या कोपऱ्यात लहान सूर्य. ठळक बाह्यरेषा, फिकट रंग, पांढरी पार्श्वभूमी. आभाळात आणि खडकात बरीच मोकळी जागा. चित्रात अक्षरे, आकडे आणि बाण नकोत.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कशासाठी तरी आहे. 'बर्फ नको' असे लिहिण्याऐवजी 'सपाट माथ्याचा हिरवा डोंगर' असे लिहिले आहे, कारण हवे ते सांगितले की नको ते आपोआप बाजूला पडते. नको असलेल्या गोष्टीचे नाव घेतले, तर अनेक साधने तीच काढून ठेवतात. विशेषतः जुन्या साधनांना 'नको' हा शब्द पेलत नाही. बर्फ हा शब्द दिसला की बर्फ येतो. म्हणून काही साधनांत नकाराची जागाच वेगळी ठेवलेली असते. स्टेबल डिफ्यूजन वापरायच्या बहुतेक कार्यक्रमांत नको त्या गोष्टींसाठी निराळी चौकट असते. मिडजर्नीत प्रॉम्प्टच्या शेवटी असे लिहितात:

```
--ar 16:9 --no text, arrows
```

पहिला भाग लांबी-रुंदीचे प्रमाण सांगतो, दुसरा काय वगळायचे ते. संभाषणातून चालणाऱ्या अलीकडच्या साधनांना मात्र मराठीत लिहिलेले शेवटचे वाक्य बहुधा पुरते. सुरुवातीच्या काही खुल्या मॉडेलांचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालेले आहे. तिथे हाच मजकूर इंग्रजीत दिल्यावर फरक दिसतो.

'भूजल' हा शब्दही प्रॉम्प्टमध्ये नाही. तो घातला की यंत्र जमिनीखाली निळेशार तळे काढण्याचा, नाहीतर बोगद्यातून वाहणारी नदी काढण्याचा धोका असतो. भूजल म्हणजे पृथ्वीच्या पोटातले तळे, ही मुलांच्या मनातली फार जुनी आणि चिवट चुकीची समजूत आहे, आणि अशा चित्राने ती आणखी घट्ट होते. दख्खनच्या पठारावर खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यात पाणी साठते ते भेगांमध्ये, सांध्यांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. म्हणून यंत्राकडून फक्त भेगा असलेला खडक मागायचा आणि त्या भेगांवर फिकट निळ्या रेघा आपण ओढायच्या. शेजारच्या शेतातली विहीर याच थरापर्यंत खोदलेली आहे, हे मग एका वाक्यात सांगता येते.

पहिल्याच फटक्यात मनासारखे चित्र येईल असे नाही. सर्वांत जास्त शक्यता ही की डोंगर मधोमध येईल आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरेल, कारण यंत्राच्या पाहण्यातले बहुतेक डोंगर तसेच आहेत. दुसरी शक्यता म्हणजे नदी सवयीप्रमाणे डावीकडच्या समुद्राकडे वळेल, किंवा पठारावरून वाहता वाहता मध्येच चढ चढेल. चित्र आल्यावर ते आधी सुंदर आहे का हे पाहू नये. बोट ठेवून नदीच्या उगमापासून शेवटापर्यंत जावे आणि ती प्रत्येक ठिकाणी खालीच उतरते ना, ते बघावे. मग ढगाखालची बाजू पाहावी. ढग पूर्वेकडच्या पठारावरही पसरले असतील, तर पर्जन्यछायेची गोष्ट सांगता येणार नाही. समुद्राच्या पृष्ठभागावरून चहाच्या कपावर दिसतात तशा पांढऱ्या वाफा निघताना दिसल्या, तर त्या काढून टाकायला सांगावे. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरे दिसते ते पुन्हा थेंब झालेले पाणी असते. समुद्र उकळल्यासारखा दाखवला की बाष्पीभवनासाठी पाणी उकळावे लागते, असा मुलांचा समज होतो.

दुरुस्ती सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'डोंगराची उजवी बाजू आणखी लांब आणि सौम्य उताराची कर, बाकी सगळे तसेच ठेव', एवढेच. चार दुरुस्त्या एकदम दिल्या तर चार नव्या चुका पदरात पडतात, कारण अनेक साधने प्रत्येक दुरुस्तीला सगळे चित्र नव्याने काढतात. ज्या साधनात चित्राचा ठरावीक भाग निवडून तेवढाच बदलण्याची सोय आहे, तिथे ती जरूर वापरावी. समुद्र उजवीकडे आला असेल तर त्यासाठी नवा प्रॉम्प्टही नको. पॉवरपॉइंट किंवा गुगल स्लाइड्समध्ये चित्र आडवे उलटवले की काम होते. चित्रात अक्षरे नसल्याचा इथे पहिला फायदा मिळतो. अक्षरे असती तर तीही उलटी झाली असती.

बाण मात्र स्लाइडवरच काढायचे, आणि ते काढतानाच खरे शिकवणे ठरते. पहिला बाण समुद्रातून वर: बाष्पीभवन. दुसरा समुद्रावरून डोंगराकडे: वारा बाष्प घेऊन येतो. तिसरा घाटाच्या भिंतीला लागून वर चढणारा: हवा थंड होते, सांद्रीभवन होते. चौथा जाड, घाटमाथ्यावर पडणारा पाऊस. पाचवा बारीक, पठारावरचा पाऊस. मग माथ्यावरून डावीकडे सावित्री आणि उजवीकडे कृष्णा. शेवटी खडकात मुरणारे पाणी आणि झाडांतून वर जाणारे बाष्प, म्हणजे बाष्पोच्छ्वास. सूर्याची उष्णता दाखवायची असेल तर ती पिवळट तुटक रेघांनी दाखवावी. पाण्याच्या बाणांसारखेच निळे बाण सूर्यातून काढले, तर पाणी सूर्यातून येते की सूर्याकडे जाते असा गोंधळ होतो. रंगाच्या जोडीला रेघेचा प्रकारही वेगळा ठेवलेला बरा. वर्गात एखाद्या मुलाला काही रंगांतला फरक ओळखता येत नसतो, आणि जुन्या प्रोजेक्टरवर तर सगळेच रंग फिके पडतात.

साच्यातल्या आकृत्यांत एक बाण हमखास राहून जातो. तो समुद्रावर पडणाऱ्या पावसाचा. पृथ्वीवरच्या एकूण बाष्पीभवनापैकी सुमारे ८६ टक्के समुद्रांतून होते, आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी पुन्हा समुद्रावरच पडते. जमिनीपर्यंत येतो तो उरलेला लहानसा वाटा. म्हणून समुद्रावर खाली येणारा एक जाड बाण काढायलाच हवा. तो नसेल तर समुद्रातून निघालेला प्रत्येक थेंब आपल्या शेतावरच येतो असे मुलांना वाटते. बाणांच्या जाडीतून प्रमाणाचा अंदाज देता येतो. मात्र डोंगराची उंची आणि समुद्राचे अंतर प्रमाणात दाखवता येत नाही. साडेतेराशे मीटर उंची ६० किलोमीटर अंतरावर खऱ्या प्रमाणात काढली, तर सह्याद्री पडद्यावर जेमतेम एका फुगवट्याएवढा दिसेल. तेव्हा कोपऱ्यात 'चित्र प्रमाणात नाही' असे लिहावे.

आता अक्षरांकडे वळू. चित्रातच नावे लिहून मागण्याचा मोह होतो, आणि इंग्रजी नावे अलीकडे बऱ्यापैकी बरोबरही येतात. पण यंत्र अक्षरे टाइप करत नाही, ती चित्रासारखी रंगवते. देवनागरीत हे जास्त अवघड जाते. संगणकावर 'बाष्पीभवन' टाइप केले की ष आणि प जोडणे, त्यावर दीर्घ वेलांटी बसवणे ही कामे लिपीचे नियम ठाऊक असलेला एक प्रोग्राम करतो. चित्र रंगवताना तसा कोणी नसतो. म्हणून 'सांद्रीभवन'मधला द्र कधी द होतो, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर सरकतो, आणि दुरून शब्द मराठी दिसला तरी जवळ गेल्यावर तो कोणत्याच भाषेत नसतो. लहान आकाराच्या अक्षरांत हे हमखास घडते, कारण अनेक साधने चित्राची आधी लहान, संक्षिप्त आवृत्ती तयार करतात आणि मग ती मोठी करतात. त्यात बारीक रेघा टिकत नाहीत.

ही चूक फक्त शाळेतल्या स्लाइडवर होते असे समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी' या शोधनियतकालिकात मिडजर्नीने काढलेली उंदराच्या शरीराची आकृती छापून आली. शरीराची रचना अशक्य होती आणि तिच्यावरची इंग्रजी नावे निरर्थक होती. तज्ज्ञांच्या तपासणीतूनही ती सुटली. वाचकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच तो लेख मागे घ्यावा लागला. रेखीव चित्राचा दबाव असा असतो. नजर त्याच्या सुबकपणावर ठरते आणि शब्द वाचायचेच राहून जातात.

शब्द स्लाइडवर स्वतः टाइप केले की हा प्रश्नच उरत नाही. युनिकोड फॉन्ट वापरावा. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतोच. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतात. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी चिन्हांच्या रांगा होऊन उघडतो, आणि ते कळते ते नेमके वर्गासमोर. अक्षरे मागच्या बाकावरून वाचता यावीत इतकी मोठी ठेवावीत. २४ पॉइंटच्या खाली जाऊ नये. नावे पाठ्यपुस्तकात आहेत तीच घ्यावीत. पुस्तकात सांद्रीभवन आणि पडद्यावर संघनन असे असेल, तर मुलांना त्या दोन वेगळ्या क्रिया वाटतात.

बाण आणि शब्द चित्रापासून सुटे असल्याचा सगळ्यात मोठा लाभ शिकवताना मिळतो. ते एकेक करून पडद्यावर आणता येतात. आधी नुसता भूभाग दाखवावा आणि पाणी कुठून निघत असेल ते मुलांना विचारावे. मग पहिला बाण, त्यावर बोलणे, मग दुसरा. नऊ बाण एकदम दिसले तर मूल त्यातला एकही वाचत नाही. उजळणीच्या दिवशी शब्द काढून टाकायचे, बाण ठेवायचे आणि मुलांना नावे सांगायला लावायची. चाचणी आणखी कठीण हवी असेल तर एक बाण मुद्दाम उलटा करून ठेवावा आणि तो शोधायला सांगावा.

उजव्या कडेतून बाहेर गेलेली कृष्णा मुलांना प्रश्न पाडते, आणि पाडायलाच हवा. तिथे छोट्या अक्षरांत 'बंगालच्या उपसागराकडे' असे लिहावे. चक्र या एका चित्रात पूर्ण होत नाही, हे लपवू नये. दूरच्या समुद्रात पोचलेले ते पाणीही पुन्हा बाष्प होऊन हवेत जाते. हवेत गेलेले पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत पुन्हा खाली येते. पण ते परत वाईलाच पडेल असे काही नाही.

वर सांगितलेल्या आकृत्यांत माणूस नसतो, तो याच चित्रावर आणता येतो, आणि सातारा जिल्ह्याइतके ठळक उदाहरण त्यासाठी क्वचित मिळेल. कोयना नदी महाबळेश्वरलाच उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी निसर्गतः पूर्वेला जाणारे. पण १९६० च्या दशकात पूर्ण झालेल्या कोयना धरणातून वीजनिर्मितीसाठी बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते. जनित्रे फिरवून झाल्यावर हे अवजल वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी माणसाने वळवून अरबी समुद्राला दिले आहे. स्लाइडची एक प्रत काढून तिच्यावर पठारात एक धरण आणि डोंगराच्या आतून डावीकडे जाणारा लाल बाण काढला, की जलचक्रात माणसाने काय बदलले ते पाचवीतल्या मुलालाही दिसते. हा बाण कोणत्याही तयार आकृतीत सापडणार नाही, आणि 'जलचक्र काढ' एवढ्या सूचनेवर कोणतेही यंत्र तो काढून देणार नाही. तो काढायला कोयनेची गोष्ट ठाऊक असलेला माणूस लागतो.

काही गोष्टी शेवटी तपासून घ्यायच्या. लहान मुलांनी ही साधने स्वतःच्या खात्यावर वापरू नयेत. चॅटजीपीटीसाठी किमान वय १३ वर्षे आहे आणि १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागते, त्यामुळे पाचवीच्या वर्गात प्रॉम्प्ट मोठ्या पडद्यावर शिक्षकानेच टाइप करावा आणि वाक्ये मुलांकडून घ्यावीत. चित्राखाली ते एआयच्या मदतीने काढल्याची नोंद करावी. स्लाइड पीडीएफ म्हणूनही साठवावी, म्हणजे शाळेच्या संगणकात फॉन्ट नसला तरी अक्षरे मोडत नाहीत.

आणि मूळ फाइल, जिच्यात भूभाग, बाण आणि शब्द सुटे आहेत, ती शिक्षकांनी आपल्या केंद्रातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शाळांना जरूर पाठवावी. चिपळूणची शाळा तिच्यावर वाशिष्ठी घालील, महाडची शाळा सावित्री मोठी करील, आणि दहिवडीची शाळा पावसाचा बाण बारीक करून त्याच्या खाली आपल्या तालुक्याचा आकडा लिहील.